या, बसा! जूनमध्ये आलेल्या चार घरांचं स्वागत

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना? माईक जरा शिट्टी मारतोय, चालवून घ्या. खुर्च्या ओल्या असतील तर पुसून बसा, पाऊस स्टिल्टमध्ये आत येतो हे नव्या लोकांना आजच कळलं ते बरं झालं.

तर या महिन्यात आपल्याकडे चार घरं नवीन आलीयेत. मला नावं पटकन लक्षात राहत नाहीत, फ्लॅट नंबर राहतात, सहा वर्षं सेक्रेटरी राहिल्याचा हा परिणाम. ए-302 नाशिकहून, बी-501 डोंबिवलीहून, बी-203 थेट कोल्हापूरहून, आणि सी-104 मध्ये भाड्याने आलेलं जोडपं आणि त्यांच्या आजी. आजींना दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावरच्या बायकांनी आपल्यात घेतलं, काल संध्याकाळी बघतो तर आजीच सगळ्यांना लसणाची चटणी कशी कुटायची ते सांगत होत्या. भाडेकरू म्हणून इथे कोणाला वेगळं वागवत नाही, फक्त रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटची कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशन तेवढं ऑफिसात द्या.

नेरूळमध्ये तुम्ही जरा चुकीच्या महिन्यात आलात. फ्लेमिंगो मेपर्यंत असतात, आता थंडीची वाट बघा, मग रविवारी सकाळी लवकर उठून टी. एस. चाणक्यच्या बाजूला जाऊन या. मुलांना ज्वेल आणि वंडर्स पार्क आहेच. आणि डी. वाय. पाटीलला मॅच किंवा कॉन्सर्ट असेल त्या दिवशी संध्याकाळी गाडी काढूच नका, तासभर जागेवर बसाल. पण त्याचा एक फायदा पण आहे हां. 2025 च्या 2 नोव्हेंबरला आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला ना, तेव्हा आम्ही टीव्ही गच्चीवर नेला होता, तर ओरडा आधी स्टेडियमकडून यायचा आणि विकेट टीव्हीवर नंतर पडायची.

आता मुद्द्याचं बोलतो, रागावू नका. चारपैकी दोन घरांत फोडाफोडी सुरू आहे. करा, आपलं घर आहे, पण बाथरूमच्या टाइल्स काढल्यात तर वॉटरप्रूफिंग नीट करून पाणी भरून दोन दिवस ठेवून बघा, आणि खालच्यांना आधी सांगा. ही बिल्डिंग जुनी आहे, सोसायटीत भांडणं पार्किंगवरून होतात असं लोकांना वाटतं पण खरी होतात ती गळतीवरून. माझ्याच घरात वरून पाणी यायचं, चार महिने मी वरच्यांना पत्रं लिहीत होतो, ते मला उत्तरं लिहीत होते, प्लंबर म्हणतो तुमची चूक, त्यांचा प्लंबर म्हणतो आमची नाही, शेवटी बायको एका रविवारी पोह्यांची ताटली घेऊन वर गेली आणि अर्ध्या तासात कळलं की त्यांच्या वॉशिंग मशीनचा पाइपच सैल होता, बाकी काही नाही. म्हणून सांगतो, ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी बेल वाजवा. ड्रिलिंग दुपारी 2 ते 4 बंद. डेब्रिज गोणीत भरून, जिन्यात नाही. सामानासाठी लिफ्ट वापरा पण वॉचमनला सांगून, मागच्या वर्षी एका घराचा फ्रिज दारात असा अडकला होता की लिफ्टवाल्याने दार काढून तो बाहेर काढला.

कचरा ओला-सुका वेगळा, सकाळी 8 च्या आत दारात. मावशी एकट्याच तीन विंग करतात, त्यांना उशीर झाला तर ओरडू नका. पाणी मोरबे धरणाचं, महापालिकेचं स्वतःचं धरण आहे त्यामुळे आपण नशीबवान, तरी टाकी साफ करायच्या दिवशी बादल्या भरून ठेवा.

ज्यांनी फ्लॅट घेतलाय त्यांनी शेअर सर्टिफिकेटवर नाव लावायचं आणि नॉमिनेशनचा फॉर्म भरायचा, हा फॉर्म सगळे पुढे ढकलतात आणि मग घरच्यांची धावपळ होते. जमीन सिडकोची लीजवर आहे, तर सिडकोची ट्रान्सफर ऑर्डर पण फाइलला हवी. काही अडलं तर शनिवारी संध्याकाळी ऑफिसात या, चहा मिळेल.

एक आठवण सांगून थांबतो. 2005 च्या 26 जुलैला मी सानपाड्यापासून पाण्यातून चालत आलो, रात्री दोन वाजता गेटवर पोचलो तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी स्टोव्हवर खिचडी लावली होती, जो येईल त्याला. त्यातली निम्मी माणसं तोवर एकमेकांशी बोललेलीही नव्हती. काकू आज समोरच बसल्यात, खिचडीचं विचारू नका, त्यांचे गुडघे दुखतात.

चला, वडे आलेत, सगळ्यांनी खाऊन जायचं. आणि बी-501, ती पांढरी गाडी तुमचीच ना? रॅम्पवर उभी आहे, वडा घ्यायच्या आधी तेवढी बाजूला घ्या, दूधवाल्याचा टेम्पो मागे थांबलाय.