ग्रुप मेडिक्लेमवर आता टॉप-अप घेता येणार, नावनोंदणी १० ते २८ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

चाकण प्लांट आणि बाणेर ऑफिस, दोन्हीकडच्या सगळ्यांसाठी हा मेसेज आहे. थोडा मोठा आहे पण पूर्ण वाचा, आणि जमलं तर घरी नवरा-बायको मिळून वाचा, कारण निर्णय घरातला आहे.

गेल्या वर्षभरात आपल्याकडे दोन वेळा वर्गणी काढावी लागली. दोन्ही वेळी माणूस आपला, पॉलिसी होती, क्लेमही पास झाला, पण ३ लाखांवर कव्हर संपलं आणि बिल पुढे चालूच राहिलं. लोकांनी मनापासून पैसे दिले, एका शिफ्टने तर एक दिवसाचा पगार दिला, त्याबद्दल आभार मानावे तेवढे कमीच. पण हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं राहून फोन फिरवायची वेळ आपल्यातल्या कुणावरच यायला नको असं तेव्हापासून वाटत होतं, म्हणून मॅनेजमेंटकडे विषय लावून धरला, ब्रोकरबरोबर तीन-चार वेळा बसलो आणि आता १ जानेवारी २०२६ पासून टॉप-अप सुरू करतोय.

आधी जे आहे ते सांगते. सध्याची ३ लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी, म्हणजे तुम्ही, जोडीदार आणि दोन मुलं, ही तशीच राहणार आहे आणि तिचा पूर्ण प्रीमियम पूर्वीसारखाच कंपनी भरणार, तुमच्या पगारातून त्यासाठी एक रुपया कापला जाणार नाही. टॉप-अप हा त्याच्या वरचा मजला आहे. तो घ्यायचा की नाही हे तुमच्यावर, कुणावर सक्ती नाही, न घेणाऱ्याला कुणी काही विचारणारही नाही.

टॉप-अप दोन प्रकारचा मिळेल, ५ लाखांचा किंवा १० लाखांचा. ५ लाखवाला घेतला तर बेस धरून घरासाठी वर्षाला ८ लाख, १० लाखवाला घेतला तर १३ लाख.

आता एक गोष्ट जी बाहेर एजंट लोक नीट सांगत नाहीत. टॉप-अप म्हटलं की त्यात साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप असे दोन भेद असतात आणि फरक मोठा आहे. समजा घरात जुलैमध्ये एक ॲडमिशन झालं, मंजूर बिल १ लाख ८० हजार, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरं, २ लाख ६० हजार. एकूण झाले ४ लाख ४० हजार. बेसमधून ३ लाख मिळाले, उरले १ लाख ४० हजार. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, आणि दोन्हीपैकी एकही बिल एकट्याने ३ लाखांच्या वर गेलेलं नाही, त्यामुळे तो काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज बघतो, म्हणून तो उरलेले १ लाख ४० हजार देतो. आपण घेतलेला सुपर टॉप-अप आहे. दर थोडा जास्त पडला पण यावर मी अडून बसले होते, कारण आपल्याकडचे बहुतेक क्लेम असे दोन-तीन तुकड्यांत येतात, एकदम दहा लाखांचं बिल क्वचित.

पैशाचं गणित असं. ५ लाखांच्या टॉप-अपचा वर्षाचा प्रीमियम घरटी ४,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,३१०. १० लाखांचा ७,००० अधिक जीएसटी, ८,२६०. यात स्टाफ ग्रेडसाठी कंपनी निम्मे भरणार, म्हणजे तुमचा वाटा २,६५५ किंवा ४,१३०. ऑपरेटर आणि टेक्निशियन ग्रेडसाठी कंपनी ७० टक्के भरणार, तुमचा वाटा १,५९३ किंवा २,४७८. सगळ्यांना सारखा वाटा का नाही असं दोघा-तिघांनी आधीच विचारलंय, तर उत्तर सरळ आहे, ज्याचा पगार कमी त्याला हॉस्पिटलचं बिल जास्त जड जातं, आणि वर्गणीच्या दोन्ही केसेस शॉपफ्लोअरवरच्याच होत्या. पैसे एकदम द्यायचे नाहीत, कंपनी आधी भरेल आणि तुमच्या पगारातून जानेवारी ते ऑक्टोबर असे दहा समान हप्ते कापले जातील, व्याज नाही. ऑपरेटरने ५ लाखवाला घेतला तर महिन्याला १५९ रुपये ३० पैसे, स्टाफला तोच २६५ रुपये ५० पैसे. १० लाखवाला ऑपरेटरला महिन्याला २४७ रुपये ८० पैसे, स्टाफला ४१३ रुपये.

जीएसटी तर माफ झाला ना, असं काहीजण म्हणतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झालाय तो वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा, ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के अजून आहेच. त्यामुळे कुणाला बाहेर स्वतःच्या नावाची पॉलिसी घ्यायची असेल तर जरूर घ्या, ती नोकरी बदलली तरी तुमच्याबरोबर राहते आणि हा तिचा मोठा फायदा आहे. फक्त तिथे जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं आणि आधी मेडिकल तपासणी मागू शकतात. आपल्या टॉप-अपमध्ये शुगर, बीपी, थायरॉइड, जुना हार्टचा त्रास, सगळं पहिल्या दिवसापासून कव्हर आहे, तपासणी नाही, ३० दिवसांचं वेटिंगही नाही.

आई-वडिलांचं वेगळं सांगते कारण सगळ्यात जास्त फोन त्यावरच येणार हे मला माहितेय. ज्यांनी २ लाखांची पेरेंट्स पॉलिसी आधीच घेतलीय त्यांनाच पेरेंट्स टॉप-अप मिळेल, वर आणखी ३ लाख. दोघांसाठी जीएसटी धरून १४,१६०, एकासाठी ८,०२४. कंपनी यात २५ टक्के भरेल, म्हणजे तुमचा वाटा दोघांसाठी १०,६२० आणि एकासाठी ६,०१८, तेही दहा हप्त्यांत. आई-वडील किंवा सासू-सासरे, दोन्हीपैकी एकच जोडी, एक इकडून एक तिकडून असं चालणार नाही. आणि पेरेंट्सच्या प्रत्येक क्लेमवर १० टक्के को-पे आहे, म्हणजे मंजूर रकमेतले १० टक्के आपल्याला भरायचे. को-पे काढून टाका म्हणून आम्ही खूप मागे लागलो पण तो काढला तर प्रीमियम एवढा वाढत होता की कुणी घेतलाच नसता. ज्यांचे आई-वडील ७० च्या वर आहेत त्यांनी याआधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं हे कार्ड ७० वर्षांवरच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये उपचार होतात, आणि आपली पॉलिसी असली तरी ते काढता येतं. आधार लागतं बस. अडलं तर एचआर डेस्कवर या, आपण बसून करू.

टॉप-अपमध्ये काय नाही तेही आत्ताच सांगून ठेवते, नंतर वाईट वाटायला नको. मॅटर्निटी नाही, ती बेसमध्ये जेवढी आहे तेवढीच. ग्लोव्ह्ज, मास्क, रजिस्ट्रेशन चार्ज असल्या गोष्टी बेसमध्ये कापल्या जातात, त्या टॉप-अपमधूनही मिळत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रूम रेंटची मर्यादा. बेसमध्ये ती दिवसाला ५,००० आहे, टॉप-अप घेतल्याने ती वाढत नाही. तुम्ही ८,००० ची रूम घेतली तर फक्त वरचे ३,००० जात नाहीत, डॉक्टर फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात आणि ते कापलेले पैसे टॉप-अप भरून देत नाही. या वर्षी नाराज झालेले जेवढे लोक माझ्याकडे आले त्यातले बरेचसे याच कारणाने आले होते. ॲडमिट होताना टेन्शनमध्ये काही सुचत नाही हे खरंय, तरी रूम ठरवायच्या आधी टीपीएच्या हेल्पलाइनला किंवा मला एक फोन करा, रात्री केला तरी चालेल.

ईएसआयसीत असलेल्यांसाठी हा टॉप-अप नाही, कारण तो आपल्या ग्रुप पॉलिसीवर चढतो आणि ती पॉलिसी ज्यांचा पगार ईएसआयसीच्या २१,००० च्या मर्यादेवर आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा पगार मधेच २१,००० च्या वर जाईल त्यांचं ईएसआयसी तो सहामाही काळ संपेपर्यंत चालू राहतं, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेर, आणि त्यानंतर ग्रुप पॉलिसीत आल्यावर त्यांना टॉप-अप घ्यायला ३० दिवस मिळतील.

नावनोंदणी सोमवार १० नोव्हेंबर ते शुक्रवार २८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ पर्यंत. त्यानंतर पोर्टल बंद आणि पुढची संधी थेट पुढच्या नोव्हेंबरमध्ये. तारीख वाढवून मिळणार नाही, प्लीज मागूही नका, कारण हे माझ्या हातात नाही. आजारी पडल्यावर टॉप-अप घ्यायची सोय ठेवली तर फक्त आजारी माणसंच घेतील आणि एका वर्षात प्रीमियम दुप्पट होईल, म्हणून कंपन्या ठरावीक मुदत ठेवतात. लग्न झालं, बाळ झालं, नवीन जॉइन झालात किंवा वर सांगितल्याप्रमाणे ईएसआयसीतून ग्रुप पॉलिसीत आलात तर त्या तारखेपासून ३० दिवस मिळतील, एवढाच अपवाद. एक अट अजून आहे, दोन्ही ठिकाणचे मिळून किमान १२० जण आले तरच विमा कंपनी हा दर देणार. आपण ३८० जण पात्र आहोत. १२० झाले नाहीत तर स्कीम सुरू होणार नाही, आणि हप्ते जानेवारीपासून असल्याने कुणाचे पैसे अडकणार नाहीत.

वर्षाच्या मधे नोकरी सोडलीत तर कव्हर शेवटच्या दिवशी संपेल. वर्षात क्लेम केलेला नसेल तर उरलेल्या महिन्यांचा तुमचा वाटा फुल अँड फायनलमध्ये हिशोब करून परत मिळेल, क्लेम केला असेल तर राहिलेले हप्ते कापले जातील. जाताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतं, राजीनामा देताना आठवणीने विचारा, नंतर लक्षात आलं तर उशीर झालेला असतो.

टॅक्सचं थोडक्यात. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर तुमच्या वाट्याचे पैसे ८० डी मध्ये धरता येतात, घरासाठी २५,००० पर्यंत, ६० वर्षांवरच्या आई-वडिलांसाठी वेगळे ५०,००० पर्यंत. नवीन रिजीममध्ये ही सूट नाही. कंपनी भरेल तो वाटा तुमच्या उत्पन्नात धरला जाणार नाही.

फॉर्म एचआर पोर्टलवर 'माझे बेनिफिट्स' मध्ये आहे, मोबाइलवर पाच मिनिटांत होतो. ज्यांना पोर्टल जमत नाही त्यांच्यासाठी टाइम ऑफिसमध्ये मराठी कागदी फॉर्म ठेवलेत. जोडीदाराची आणि मुलांची जन्मतारीख आधारवर आहे तशीच लिहा, मागच्या वर्षी चार क्लेम नुसत्या तारखेच्या चुकीने लटकले होते. बुधवार १२ नोव्हेंबरला कॅन्टीनमध्ये दुपारी २.३० ला पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टसाठी, आणि रात्री १०.३० ला तिसऱ्या शिफ्टसाठी मी आणि ब्रोकरचा माणूस बसणार आहोत, बाणेरला शुक्रवारी १४ तारखेला सकाळी ११ ला. घरच्यांना आणायचं असेल तर आणा, गेटवर नाव देऊन ठेवलंय. बाकी काहीही असेल तर एक्सटेन्शन २१४.

एचआर विभाग