चौथी काडी

सातवी 'ब'च्या वर्गात जागा बदलल्या आणि ओंकार खिडकीकडच्या रांगेत, यासीन दाराकडच्या रांगेत गेला. मधल्या रांगेत बरोबर दोघांच्या आड बसला भूषण. तो वर्गाचा मॉनिटर होता आणि हातात आलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय पुढे द्यायची नाही, एवढं एक कर्तव्य तो मनापासून पार पाडायचा.

'च'ची भाषा दोघांना येत होती. पण ती वाईतल्या प्रत्येक पोराला येते. 'काय'चं 'चयका' करून लपतं थोडंच.

म्हणून ओंकारनं दिवाळीच्या सुटीत अक्षरं बनवायला घेतली. पहिल्या खेपेला त्यानं प्रत्येक अक्षराला मनाला येईल तो आकार दिला. मासा, पतंग, गोगलगाय, तुटलेली छत्री. चौकटीच्या वहीची दोन पानं भरली आणि यासीननं ती पाहून परत केली. "ही पाठ करण्यापेक्षा संस्कृत सोपं," तो म्हणाला. खरंच होतं ते. 'उद्या डबा आणू नको' एवढं लिहायला ओंकारला स्वतःलाच चार वेळा तक्ता बघावा लागला, आणि तक्ता जवळ बाळगायचा तर तो सापडला की सगळंच उघड.

दुसऱ्या खेपेला त्यानं बाराखडीच्या तक्त्याकडे नीट पाहिलं. क पासून म पर्यंत पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. मग पंचवीस आकार कशाला? पाच पुरेत. आणि आकार असे घ्यायचे की नाव आठवलं की ओळ आठवेल: क-ओळीला कोन, च-ओळीला चौकोन, ट-ओळीला टोपी, त-ओळीला त्रिकोण, प-ओळीला पेला. अक्षर ओळीत कितवं, तेवढ्या काड्या आकाराखाली. म्हणजे कोनाखाली एक काडी क, तीन काड्या ग. पेल्याखाली पाच काड्या म. उरलेल्यांतल्या य-र-ल-व-श या पाचांना गोल आणि ष-स-ह-ळ या चौघांना फुली. स्वरासाठी नुसती आडवी रेघ आणि तिच्यावर मात्रा. जोडाक्षर असेल तर दोन आकार एकमेकांना चिकटवायचे.

यासीनला हे एका मधल्या सुटीत आलं. काना, वेलांट्या, मात्रा मात्र ओंकारनं होत्या तशाच ठेवल्या. नव्या कुठून आणायच्या, आणि त्यांच्यावरून कोणाला काय कळणार, असं त्याला वाटलं.

चिठ्ठी पाठवायची पद्धत त्याहून छान होती. वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी कापायची, रिफिलभोवती घट्ट गुंडाळायची आणि पेन बंद करायचं. मग मोठ्यांदा म्हणायचं, "भूषण, हे यासीनचं पेन पास कर." पट्टी जास्त रुंद कापली की पेनाचा आटा बसत नाही आणि पेन हातातच उघडतं. हे आधी एकदा झालं होतं, तेव्हापासून ओंकार पट्टी पट्टीनं मोजून कापायचा.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. भूषण पेनं इकडून तिकडे देत राहिला.

पेन दिवसातून पाचदा का फिरतं, हे त्याला चौथ्या आठवड्यात खटकलं. त्यानं बाकाखाली हात नेऊन पेन उघडलं, पट्टी पाहिली, आपल्या वहीत उतरवून घेतली आणि पुन्हा गुंडाळून पुढे दिली. असं त्यानं सहा चिठ्ठ्यांचं केलं. काही कळेना. पण सहाही चिठ्ठ्यांची सुरुवात एकसारखी होती: गोलाखाली एक काडी आणि काना, फुलीखाली दोन काड्या आणि दुसरी वेलांटी, त्रिकोणाखाली पाच काड्या. काना आणि वेलांटी तर मराठीतलीच. तीन अक्षरं, पहिल्याला काना, दुसऱ्याला दीर्घ ई. चिठ्ठी कोणाला जाते ते त्याला ठाऊक होतंच. या-सी-न.

शेवटही सहा ठिकाणी तोच. रेघेवर काना-मात्रा आणि टिंब, मग कोनाखाली एक काडी आणि काना, मग गोलाखाली दोन. ओं-का-र.

एवढ्यावर बाकीचं उलगडायला त्याला चित्रकलेचा एक तास लागला. गोलाखाली एक म्हणजे य, दोन म्हणजे र. म्हणजे काड्या बाराखडीच्या क्रमानं. त्रिकोणाखाली पाच म्हणजे न, म्हणजे त्रिकोण ही त-ओळ. त्रिकोण त-चा, कोन क-चा, मग चौकोन, टोपी, पेला कोणाचे हे सांगायला मॉनिटर असावं लागत नाही.

आता त्यानं सरांना सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. भूषणनं सांगितलं नाही. सहाव्या चिठ्ठीत लिहिलं होतं की आंतरशालेय सामन्यांसाठी संघ निवडायचा आहे, दिवस नक्की झाला की कळवतो. यासीन यष्टिरक्षक होता. भूषणही.

गुरुवारी पेन आलं. चिठ्ठीत होतं: 'यासीन, निवड उद्या ४ला. ग्लव्ज आण. ओंकार.' आकड्यांसाठी ओंकारनं वेगळी खूण केलीच नव्हती, आकड्याइतक्या मोकळ्या काड्या मारायच्या, बस. चार काड्या होत्या. भूषणनं पेन्सिलीनं पाचवी मारली.

शुक्रवारी चारला पटांगणावर यष्टीमागे एकच मुलगा उभा होता. यासीन पाचला ग्लव्ज घेऊन पोचला तेव्हा सर यादी घडी करून खिशात ठेवत होते.

शनिवारी यासीन बोलला नाही. सोमवारी बोलला. "तू पाच लिहिलंस."

"चार लिहिलं."

यासीननं पट्टी बाकावर आपटली. ओंकारनं मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. त्याच्या पोटात खड्डा पडला. मग त्यानं पट्टी उजेडात धरली. ओंकार डावखुरा. त्याची काडी वरून खाली येताना डावीकडे झुकते, सगळ्याच झुकतात. पट्टीवरच्या चार काड्या डावीकडे कललेल्या होत्या, बोथट पेन्सिलीच्या, जाड आणि फिक्या. पाचवी उजवीकडे कललेली, टोकदार, इतकी दाबून मारलेली की मागच्या बाजूनं बोटाला लागत होती. आणि पुढच्या गोलाच्या जवळ, दाटीवाटीनं.

दोघांनी एकदमच मधल्या रांगेकडे पाहिलं. भूषण भूगोलाच्या नकाशात नद्या निळ्या करत होता. पेन्सिलीला छान टोक काढलेलं होतं.

"मारू या का?" यासीननं विचारलं.

"नंतर," ओंकार म्हणाला. मार काय, कधीही देता येतो. आपल्या अक्षरांत भोक कुठं राहिलं ते त्याला आधी बघायचं होतं.

त्याचे आजोबा मोडी वाचायचे. गावातले लोक पणजोबांची खरेदीखतं घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि आजोबा भिंग लावून एकेक ओळ सोडवायचे. संध्याकाळी ओंकारनं पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. भांडण सांगितलं नाही, फक्त एवढंच विचारलं की लिहिलेलं कोणी मधे बदलू नये म्हणून जुने लोक काय करायचे.

आजोबांनी पट्टी भिंगाखाली धरली. "ध चा मा झाला म्हण की."

ती गोष्ट ओंकारला माहीत होती. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' अशा हुकुमातल्या ध चा आनंदीबाईंनी मा केला, असं लोक सांगत आले.

"खरं-खोटं राहू दे," आजोबा म्हणाले. "पण तुझ्या लिपीत ध चा मा करायला आनंदीबाई नको, शेंबडं पोरगं पुरे. एक काडी वाढवली की क चा ख, त चा थ. हुंडी ऐकलीयस? सावकार शंभर रुपयांची हुंडी लिहायचा तर नुसतं शंभर नाही लिहायचा. निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर, असं लिहायचा. एक आकडा कोणी बिघडवला तर दुसरा चुगली करतो."

"आणि दोन्ही बिघडवले तर?"

"तर तो तुझ्यापेक्षा हुशार. झोप आता."

ओंकार झोपला नाही. निमे त्याला जमेना, कारण पाचचं निमे अडीच आणि अर्धी काडी कशी मारणार? शिवाय चार आणि दोनच्या जागी सहा आणि तीन करता येतं, नुसत्या काड्या वाढवून. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्याला सापडलं. चार लिहायचं तर शेजारी आठ लिहायचं. दोन्ही मिळून बारा. पेन्सिल बंद, शाईचं पेन. शाईची काडी खोडता येत नाही, खोडली तर कागद खरवडतो. वाढवता फक्त येते. एकीकडे वाढवली तर बेरीज तेरा होते, दोन्हीकडे वाढवल्या तर चौदा. बारा काही केल्या राहत नाही.

उरलेली डागडुजी सोपी होती. वर नाव नाही, खाली सही नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद गेला, मोडीत एकाच वेलांटीवर भागतं तसं. काना म्हणजे आकाराच्या उजवीकडे टिंब, वेलांटी म्हणजे डावीकडे, उकार म्हणजे आत. मात्रांचंही असंच काहीतरी केलं. शिवाय ङ आणि ञ चिठ्ठीत कधीच लागत नाहीत, म्हणजे कोनाखाली पाच आणि चौकोनाखाली पाच या दोन जागा रिकाम्या. त्या मधूनमधून उगाच टाकायच्या, वाचणाऱ्यानं सोडून द्यायच्या.

पुढच्या बुधवारी पेन निघालं. सरावाची वेळ होती त्यात: चार काड्या, आठ काड्या. भूषणकडे पेन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबलं.

यासीननं पट्टी उघडली, ओठ हलवत मोजलं. पाच आणि आठ. त्यानं खिडकीकडे बघून दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग तीन. ओंकारनं मान डोलावली. यासीन चारला गेला आणि पहिल्या चेंडूपासून यष्टीमागे उभा राहिला. भूषण सव्वाचारला रमतगमत आला तेव्हा सरांनी त्याला सीमारेषेवर पाठवलं.

सराव संपल्यावर तो दोघांच्या वाटेत उभा राहिला. यासीननं ग्लव्ज काढून ओंकारच्या हातात दिले. मारामारीत ग्लव्ज खराब होतात.

"आठ कशाचे?" भूषणनं विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही.

"बरं, नका सांगू. पण तुमच्या ह आणि ळ मध्ये लोच्या आहे. फुलीखाली तीन की चार, घाईत दिसत नाही. मागं तू 'फळा' लिहिलेलं मी 'फहा' वाचलं. यासीनपण वाचत असणार."

यासीन गप्प बसला. वाचलं होतं.

"चौथी काडी आडवी मार," भूषण म्हणाला, "तिन्हींना छेदून. पाचवी तिच्याखाली. मग तीन की चार, घाईतही दिसतं."

ओंकारनं मनातल्या मनात मारून बघितली. तीन उभ्या, एक आडवी. जमत होतं. चांगलंच जमत होतं.

"शनिवारच्या मॅचला मी कीपिंग करणार," यासीन म्हणाला.

"पहिल्या डावात तू," भूषण म्हणाला. "आणि आठ कशाचे ते सांगायचं."

ओंकारनं ग्लव्ज यासीनला परत दिले आणि खिशातून शाईचं पेन काढलं.