मृण्मयीच्या रेझ्युमेची तपासणी: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (बाल व किशोर), पुणे

प्रिय मृण्मयी,

तुझा रेझ्युमे आणि जाहिरात शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. या जागेसाठी तू पात्र आहेस, हे आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं दुरुस्तीचं आहे. जाहिरातीत मागितलेल्या बहुतेक गोष्टी तुझ्याकडे आहेत. पण काही रेझ्युमेत सापडत नाहीत, आणि ज्या नाहीत त्यातल्या एक-दोन मात्र असल्यासारख्या लिहिल्या आहेत.

नोंदणीपासून सुरुवात करू, कारण छाननी करणारा पहिल्यांदा तेच बघणार. वर तू 'परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, 2019 पासून' असं लिहिलं आहेस. ही ओळ काढच. तुझं एम.फिल. 2023 साली पूर्ण झालं आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव त्यानंतर लागलं. 2019 ते 2021 या काळात तू शाळेत समुपदेशक होतीस. ते काम मोलाचं आहे, पण तेव्हा तू क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हतीस. 1992 च्या पुनर्वास परिषद कायद्यानुसार नोंदणीशिवाय या क्षेत्रात व्यवसाय करणं हा दंडनीय गुन्हा आहे. हेतू नसतानाही ती तारीख तुझ्यावरच शंका निर्माण करते. तिथे असं लिही:

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भारतीय पुनर्वास परिषदेकडे व्यावसायिक म्हणून नोंदणी, 2023. वैध 2028 पर्यंत. एम.फिल. (क्लिनिकल सायकॉलॉजी), दोन वर्षांचा पूर्णवेळ, परिषदमान्य अभ्यासक्रम, 2021–2023.'

नोंदणी क्रमांक तू शेवटच्या पानावर तळाशी दिला आहेस, तो नावाखाली आण. जाहिरातीत 'वैध नोंदणी' असं स्पष्ट म्हटलं आहे, त्यामुळे मुदत लिहिणं टाळू नकोस. नूतनीकरणासाठी पाच वर्षांत शंभर सीआरई गुण लागतात. तुझे किती झाले ते मुलाखतीत विचारतील, म्हणून प्रमाणपत्रं एका फाइलला लावून ठेव.

आता तास. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. तू 'सुपरव्हिजनखाली 1850 तासांचा थेरपीचा अनुभव' लिहिलं आहेस. तुझ्या लॉगबुकचे फोटो मी जुळवून पाहिले. एकूण 1850 बरोबर आहे, पण ते सगळे थेरपीचे नाहीत: ओपीडीतली केस हिस्टरी 430, चाचण्या आणि अहवाल 520, वॉर्ड राउंड व केस कॉन्फरन्स 335. उरतात 565. त्यात वैयक्तिक थेरपी 410, पालक व कुटुंबासोबतची सत्रं 95 आणि गटसत्रं 60. जाहिरात थेरपीचे किमान 500 तास मागते, म्हणजे खऱ्या आकड्यानेही तू अट पार करतेस. मग फुगवलेला आकडा कशासाठी? अनुभवी माणूस 1850 वाचून लगेच विचारेल, 'दोन वर्षांत एवढी थेरपी केली, तर चाचण्या कधी केल्या?'

ती ओळ अशी होईल:

'प्रशिक्षणकाळात सुपरव्हिजनखाली 565 तास थेरपी (वैयक्तिक 410, पालक व कुटुंब 95, गट 60). त्यापैकी 238 तास 18 वर्षांखालील मुलांसोबत. सुपरव्हायझरसोबत प्रत्यक्ष चर्चेचे 140 तास. लॉगबुक स्वाक्षरीसह उपलब्ध.'

238 हा आकडा तुझ्या रेझ्युमेत कुठेच नव्हता. या जागेसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. चाचण्यांचे 520 तासही वाया जात नाहीत, कारण जाहिरातीत अध्ययन अक्षमतेचं मूल्यमापन मागितलं आहे. ते वेगळ्या परिच्छेदात घे आणि चाचण्यांची नावं लिही: बिने-कामत, मलिनची बुद्धिमापन श्रेणी, निमहान्सची अध्ययन अक्षमता बॅटरी. नुसत्या 'विविध मानसशास्त्रीय चाचण्या' लिहिल्या तर काहीच कळत नाही.

थेरपीच्या पद्धतींची तुझी यादी नऊ नावांची आहे. जाहिरात तीनच विचारते: सीबीटी, पालक प्रशिक्षण आणि प्ले थेरपी. सीबीटी तुझी पक्की आहे. ती कुठल्या त्रासासाठी वापरलीस ते लिही: चिंता, शाळेत जायला नकार, आणि ओसीडीमध्ये ईआरपीसह. पालक प्रशिक्षण तू एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांसोबत गटात केलंस, पण ते 'इतर उपक्रम'मध्ये टाकलंस. ते वर घे. प्ले थेरपीबद्दल मात्र स्पष्ट बोलते. तू दोन दिवसांची कार्यशाळा केली आहेस. खेळातून मुलाशी नातं जोडणं तुला छान जमतं, पण त्यावरून स्वतःला प्ले थेरपिस्ट म्हणता येत नाही. 'प्ले थेरपी: प्राथमिक कार्यशाळा, सुपरव्हिजनखाली पुढे शिकण्याची तयारी' असं लिही. ईएमडीआर आणि डीबीटी तू फक्त वाचलं आहेस, ती दोन्ही नावं गाळ. मुलाखतीत डीबीटीचा एखादा चेन अ‍ॅनालिसिस करून दाखवा म्हणाले, तर तू अडचणीत येशील.

'सर्व वयोगटांसोबत काम' हे वाक्यही जाऊ दे. जाहिरातीत 6 ते 17 वर्षांची मुलं, त्यांचे पालक आणि स्वतःला इजा करून घेणारे किशोरवयीन, असं स्पष्ट आहे. हे तिन्ही गट तुझ्याकडे आहेत. तिसऱ्या गटाचा अनुभव तू संकोचाने लपवलास असं वाटलं. तो मोकळेपणाने लिही: जोखमीचं मूल्यमापन, सुरक्षा आराखडा, पालकांशी बोलणं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं. शाळेतल्या दोन वर्षांमुळे शिक्षकांशी संवादाचा मुद्दाही इथे बसतो. 'मराठी आणि हिंदीत सत्रं घेते' हेही घाल. पुण्यात इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाची आजी बऱ्याचदा मराठीतच बोलते, आणि घरातलं निम्मं त्या आजीकडूनच कळतं.

एक गोष्ट मात्र आजच बदल. 'उल्लेखनीय केस'खाली तू मुलीची इयत्ता, शाळेचा परिसर, वडिलांचा व्यवसाय आणि ती कशामुळे आजारी पडली हे सगळं दिलं आहेस. नाव नसलं तरी त्या भागातला कुणीही तिला ओळखेल. रेझ्युमे दहा जणांच्या मेलवर फिरतो. तिने तुझ्यासमोर जे सांगितलं ते या कागदावर येताच कामा नये. तो सगळा परिच्छेद काढ. अनुभव दाखवायचाच असेल तर 'किशोरवयीनांमधील स्वतःला इजा करून घेण्याच्या त्रासावर सीबीटी आणि कुटुंबासोबतची सत्रं' एवढं पुरे. आधी कुणाला ही प्रत पाठवली असशील तर त्यांना नवी पाठव आणि जुनी काढून टाकायला सांग.

बालसंरक्षणाचा मुद्दा जाहिरातीत शेवटी आहे आणि तुझ्या रेझ्युमेत अजिबात नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. ते तू प्रशिक्षणात शिकलीस आणि केलंही आहेस. एका ओळीत लिही, तपशील न देता.

उरलेलं किरकोळ आहे. फोटो, जात आणि वडिलांचं नाव नको. तीन पानं दोनवर येतील. शिफारसकर्त्यांमध्ये सुपरव्हायझर मॅडमचं नाव दिलंस, पण त्यांना विचारलंस का? आज फोन कर, आणि 565 तासांचा आकडा त्यांच्यासमोर वाचून दाखव. संस्थेने त्यांना विचारलं तर दोघींचं उत्तर एक यायला हवं.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. नवी प्रत बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठव, मी रात्री बघून देते.

शुभांगीताई