डिप्लोमा इंजिनिअर (फ्रेशर) पाहिजेत – मेकॅनिकल / प्रॉडक्शन, रबाळे एमआयडीसी

डिप्लोमाचा शेवटचा निकाल हातात आला आहे आणि जिथे जाल तिथे 'अनुभव किती?' असं विचारतात? आम्ही विचारणार नाही. अनुभव इथेच घ्यायचा आहे.

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात औद्योगिक व्हॉल्व्हचे सुटे भाग बनतात. पहिलं वर्ष तुमची जागा शॉप फ्लोअरवर, टेबल-खुर्ची नंतर. सुरुवात सीएनसी लेथवर, सेटरच्या शेजारी उभं राहून. जॉब चकमध्ये कसा धरायचा, टूल ऑफसेट कसा द्यायचा, इन्सर्ट झिजला हे चिपचा रंग आणि कटिंगचा आवाज बदलल्यावर कसं ओळखायचं, हे तो दाखवेल. मग पहिला पीस तुम्ही मोजायचा. व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत सांगतो, साधा मायक्रोमीटर 0.01 पर्यंत, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स पाहून कोणतं साधन घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं आणि का, तेही सांगायचं. पुढे व्हीएमसी, असेंब्ली, प्रेशर टेस्टिंग.

आमचे बरेचसे सेटर आयटीआय झालेले, वयाने आणि हाताने तुमच्यापेक्षा मोठे आहेत. त्यांच्याकडून शिकायला कमीपणा वाटत असेल, तर अर्ज न केलेला बरा.

हात काळे होतील, शिफ्ट फिरती असेल. सेफ्टी शूज, गॉगल कंपनीचे, कॅन्टीन आहे. ठाणे-वाशी लोकलने रबाळे स्टेशनला उतरलात की कंपनीची बस मिळते. मार्कांची अट नाही, पण मुलाखतीत एक ड्रॉइंग समोर ठेवू आणि हातात मायक्रोमीटर देऊ.