विषय: टॉवेलचा उत्पादन नमुना – शनिवार 18 जुलैपर्यंत मंजुरी हवी

मा. खरेदी व्यवस्थापक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या महाबळेश्वरच्या हॉटेलसाठीच्या 1,200 पांढऱ्या बाथ टॉवेलचे (75 × 150 सें.मी., 500 जीएसएम) चार नमुने काल सोलापूरहून कुरिअरने पाठवले आहेत. ऑर्डरचा माल ज्या मागावर आणि ज्या सुतात विणायचा, त्यावरच हे विणले आहेत. बीम भरली की रुंदी आणि सूत बदलता येत नाही, म्हणून तपासणी आत्ताच बारकाईने व्हावी ही विनंती.

दोन नमुन्यांवर 'धुऊ नये' अशी चिठ्ठी आहे. उरलेले दोन तुमच्याच लाँड्रीत, नेहमीच्या पावडर-ब्लीचसह 60 अंशांवर तीनदा धुऊन ड्रायरमध्ये वाळवा. नव्या टॉवेलला सॉफ्टनर असतो. त्यामुळे तो हाताला मऊ लागतो, पण पाणी उशिरा शोषतो. मऊपणा आणि शोषण धुतल्यावरच पाहा. पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच जिरला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे माप. धुतल्यावर लांबी 8 टक्क्यांपर्यंत आटू शकते, म्हणजे 150 चे 138 सें.मी. होऊ शकतात. तुम्हाला 75 × 150 धुण्याआधी हवे की धुतल्यानंतर, हे स्पष्ट लिहून द्या. नंतर हवे असेल तर आम्हाला जास्त लांब-रुंद विणावे लागेल, सूत जास्त लागेल आणि दर बदलेल.

वजन न धुतलेल्या नमुन्याचे करा: 535 ते 590 ग्रॅम. सुती कापड हवेतला ओलावा ओढते आणि तुमच्याकडे आत्ता पाऊस आहे, त्यामुळे ते कोरड्या खोलीत रात्रभर पसरून ठेवून मगच काट्यावर ठेवा.

काठाजवळ कापड गोळा होते का, ते धुतलेल्या नमुन्यावर बघा. तिथे लूप नसतात, त्यामुळे काठ आणि अंग वेगवेगळे आटतात. चारही बाजूंची शिलाई कोपऱ्यांवर हाताने ताणून पाहा, टाका उसवता कामा नये. लूप ओढले जात असतील तर फोटो पाठवा.

लोगोचा मरून धागा पॉलिस्टर आहे. तरीही ब्लीचनंतर रंग पांढऱ्यावर उतरला का, अक्षरे सुरकुतली का आणि मागचा भाग अंगाला टोचतो का, हे पाहाच. लोगोचे स्पेलिंग दोघांनी वाचावे. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दिवसा खिडकीपाशी पाहा.

सगळे पसंत असल्यास न धुतलेल्या एका नमुन्यावर सही-शिक्का मारून, तारीख घालून परत पाठवा. दुसरा तुमच्याकडे ठेवा. माल त्याच्याशीच ताडून पाहिला जाईल. बदल हवा असल्यास तो मापासह लिहा. 'थोडा जाड' असे लिहिल्यास विणकराला काही कळत नाही. फोनवरच्या होकारावर आम्ही काम सुरू करत नाही.

मंजुरीनंतर माल 25 दिवसांत निघेल. बदल असल्यास नवा नमुना 6 दिवसांत पाठवू आणि 25 दिवस त्याच्या मंजुरीपासून मोजू.

आपले,
उत्पादन विभाग, सोलापूर