हंगामाआधीच्या मेल : पहिल्या ओळी

देवगड, हापूस

नमस्कार साहेब,

गेल्या मे महिन्यात तुमच्याकडून चार डझनांची पेटी पुण्याला मागवली होती. वरच्या थरातले २४ आंबे झकास निघाले. खालच्या थरातल्या पाच आंब्यांना मात्र अंगावर काळी रेघ होती, बरोबर फळीच्या फटीजवळ. साका आहे की काय म्हणून कापून पाहिलं. आतला गर स्वच्छ होता, डाग नुसता दाबाचा. 'खराब फळाचा फोटो पाठवा, बदलून देऊ' असं तुमच्या चिठ्ठीवर होतं, पण मी फोटो पाठवला नाही. माझा धंदाच खोक्यांचा, त्यामुळे मला फळापेक्षा फळीचंच कुतूहल जास्त. आम्ही भोसरीत पुठ्ठ्याची खोकी बनवतो. कोकणातल्या मेच्या दमट हवेत साधा तीन प्लायचा पुठ्ठा ढिला पडतो, तुमचा लाकडावर विश्वास आहे तो काही उगाच नाही. म्हणून पाच प्लायचं एक रिकामं खोकं वेगळ्या कुरिअरने पाठवलंय. त्यावर आधी उभं राहून बघा, मग बोलू.

घोलवड, चिकू

नमस्कार ताई,

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तुमच्या खोक्यावर त्याचा शिक्का आहे, पण तळाला आणि तोही टेपखाली. दादरच्या एका फळवाल्याकडे तीन खोकी उलटी करून पाहिली तेव्हा कुठे सापडला. फळवाला वैतागला, मग मला दोन किलो चिकू घ्यावेच लागले. खोक्याचा आकार न बदलता शिक्का पुढच्या बाजूला कसा येईल, ते छापून सोबत जोडलंय.

नाशिक, द्राक्ष निर्यात

नमस्कार साहेब,

तुमच्या पॅकहाउसचा व्हिडिओ पाहिला, अर्धा किलोच्या दहा पनेटचं खोकं भरतानाचा. ग्रेप गार्डचा कागद ठेवून बाई पिशवी दुमडतात, झाकण लावतात आणि झाकणाचा डाव्या बाजूचा कोपरा परत वर येतो. त्या तो तळहाताने दाबतात. पुढच्या खोक्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. तो कोपरा आमच्याकडे डायच्या खाचेत दोन मिलिमीटर फरक केला की बसतो. तुमच्या खोक्याचं एक रिकामं झाकण पाठवलंत तर करून दाखवतो. दर वगैरे नंतर.

(बाळूदादा, तिन्ही सोमवारी सकाळी जाऊ देत. देवगडची मेल खोकं पोचल्याचा मेसेज आल्यावरच, आधी नको. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांची मी लिहायला घेतली होती, पण 'आपली स्ट्रॉबेरी जगप्रसिद्ध आहे' याच्यापुढे पेन सरकेना. त्यांचं खोकं आपण हातात धरलेलंच नाही. शनिवारी गाडी काढतो.)