माझ्या नंबरवरून पैसे मागितले तर देऊ नका – मेधा, सहकारनगर

सगळ्यांना नमस्कार. मी मेधा, फराळवाली. हा मेसेज ह्यांच्या नंबरवरून पाठवतेय, कारण माझं व्हॉट्सॲप आज दुपारी चोरांच्या हातात गेलं होतं.

आधी कामाचं. आज सोमवारी दुपारी बारा ते अडीचच्या दरम्यान माझ्या नावाने, माझा फोटो असलेल्या व्हॉट्सॲपवरून जे काही आलं असेल ते मी लिहिलेलं नाही. मला पैशांची गरज नाही, मी दवाखान्यात नाही, माझं यूपीआय बंद पडलेलं नाही. कोणीही एक रुपया पाठवू नका. क्यूआर कोड आला असेल तर स्कॅन करू नका. आणि तुमच्या फोनवर आलेला सहा आकडी कोड कोणी मागितला, अगदी मी मागितला तरी, देऊ नका. त्या कोडने पुढचं व्हॉट्सॲप तुमचं जाईल.

आता झालं काय ते सांगते. साडेअकराला मी चकलीची भाजणी मळत होते. फोन आला, "मॅडम, कुरिअर. पत्ता सापडत नाहीये." फराळाच्या खोक्यांचं पार्सल यायचंच होतं, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. म्हणाला, डिलिव्हरीवाल्याचा नंबर मेसेज करतो, तसाच्या तसा डायल करा, तो थेट घरी येईल. मेसेजमध्ये आधी `**21*`, मग दहा आकडे आणि शेवटी `#`. हात पिठाचे, चष्मा फ्रिजवर. एका बोटाने डायल केलं. स्क्रीनवर इंग्रजीत फॉरवर्डिंगचं काहीतरी आलं, ते मी वाचलं नाही. गाढवपणाच, दुसरं काय.

त्या आकड्यांनी माझ्या नंबरवर येणारे सगळे कॉल त्या माणसाकडे वळले. मग त्याने स्वतःच्या फोनवर माझ्या नंबरचं व्हॉट्सॲप सुरू केलं आणि कोड फोन करून सांगा असा पर्याय घेतला. तो फोन अर्थातच त्यालाच गेला. दिवाळी बारा दिवसांवर असताना माझा फोन तासभर एकदाही वाजला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी मात्र बरं झालं म्हटलं, एक घाणा निवांत उतरेल.

माझ्या मोठ्या नणंदेला मेसेज गेला, "हाय, बिझी आहेस का? अर्जंट 15,000 पाठव ना, संध्याकाळी रिटर्न करते." मी वन्संना अहोजाहो करते, लग्न झाल्यापासून. त्यांनी लगेच मला फोन लावला. उचलला एका पुरुषाने आणि सांगितलं, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत." मी आणि मीटिंग! वन्संनी थेट आमच्या लँडलाइनवर फोन केला, म्हणून मला कळलं तरी. हा लँडलाइन काढून टाकू या म्हणून मी गेली चार वर्षं ह्यांच्या मागे लागले आहे. आता तो विषय बंद.

पण यातली गोम लक्षात घ्या. मेसेज खरा की खोटा बघायला तुम्ही त्याच नंबरवर फोन केलात तरी चोरच उचलू शकतो. म्हणून खात्री करायची तर ह्यांना किंवा लँडलाइनवर करा.

शेजारच्या मुलाने `##002#` डायल करून वळवलेले कॉल बंद केले. आता माझा साधा फोन नीट चालतोय, मीच उचलतेय. अडीच वाजता मी एसएमएसवर आलेला कोड टाकला तेव्हा चोर व्हॉट्सॲपमधून बाहेर फेकला गेला. पण जाण्याआधी त्याने स्वतःचा पिन लावून ठेवलाय, त्यामुळे मलाही सात दिवस आत जाता येणार नाही. पुढच्या सोमवारपर्यंत मी व्हॉट्सॲपवर नाही, असं धरून चाला.

माझ्या जुन्या गप्पा त्याला मिळालेल्या नाहीत, पण भिशी, सोसायटी आणि फराळ या तिन्ही ग्रुपांमधले सगळ्यांचे नंबर मिळाले आहेत. तेव्हा उद्या-परवा माझाच फोटो लावून "हा माझा नवा नंबर, सेव्ह कर" असा मेसेज येऊ शकतो. मी नंबर बदललेला नाही आणि बदलणार नाही.

दोघींचे पैसे गेले आहेत. माझ्या भाचीने 15,000 पाठवले, आणि बिबवेवाडीच्या एका ताईंनी फराळाचा ॲडव्हान्स समजून 8,000. ॲपमध्ये नाव भलत्याच माणसाचं दिसत होतं, ते पाहूनही भाचीला वाटलं की मावशीने कोणाचं तरी बिल भागवायला सांगितलं असेल. दोघींची मी मनापासून माफी मागते. दोघींनी 1930 ला फोन करून तक्रार नोंदवली, आणि मी माझी तक्रार cybercrime.gov.in वर केली. सहकारनगर पोलीस ठाण्यातही अर्ज देऊन आले.

आणखी कोणी पैसे पाठवले असतील तर लाजू नका. आत्ता, हा मेसेज वाचून होताच 1930 लावा आणि आपल्या बँकेलाही कळवा. पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, म्हणून तक्रार तुम्हालाच करावी लागते, माझ्या तक्रारीने भागत नाही. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर अडकवून ठेवता येतात. ते चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा नंबर लागतो. मग मला फोन करा. ओरडायचं असेल तर तेव्हा ओरडा.

आता तुम्ही म्हणाल, हा मेसेज तरी मेधाचाच कशावरून? बरोबर आहे, विचारायलाच हवं. यात मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही आणि कुठली लिंक उघडायला सांगितलेली नाही. तरी शंका असेल तर फोन करून विचारा, आमच्या चिवड्यात काय चालत नाही? कोणाकडे खोबरं नको, कोणाकडे लसूण नको, आणि कोणत्या काकांना शेंगदाणे वेगळ्या पुडीत लागतात, ते माझ्या वहीत आहे. वही कोणी हॅक केलेली नाही.

फराळाच्या ऑर्डरींना धक्का नाही. फक्त या वर्षी ॲडव्हान्स घेणार नाही. पैसे डबा हातात पडल्यावर, रोख किंवा आमच्या दारावर चिकटवलेल्या क्यूआरवर. दुसरा कुठलाही क्यूआर माझा नाही.

आज दुपारी बारानंतर ज्यांनी व्हॉट्सॲपवर ऑर्डर लिहिली त्यांची माझ्यापर्यंत पोचलेली नाही. कोणीतरी दोन किलो अनारसे लिहिले होते, एवढं सोसायटीतल्या वहिनींनी ग्रुपवर पाहिलं, पण नाव त्यांच्या लक्षात नाही. ज्यांचे असतील त्यांनी उद्या दहाच्या आत फोन करा, तांदूळ भिजत घालायचे आहेत.

– मेधा